मधातले व्होल्ट कोण खाते? वावरातल्या मोटरचं पर फेज गणित

आमचं संत्र्याचं वावर वरुडकडं. विहीर डीपीपासून पाऊण किलोमीटरच्या वर दूर आहे अन् तिच्यावर 10 एचपीची थ्री फेज मोटर. मागच्या उन्हाळ्यात बाबा म्हणे, "डीपीवर 415 दाखवते अन् माह्या स्टार्टरवर 385, मधातले 30 व्होल्ट कोण खाते रे?" मी तवा पॉलिटेक्निकले होतो, म्हून वहीच्या मागच्या पानावर बसल्या बसल्या काढून पाह्यलं. तेच इथं लिहून रायलो, कारण पेपरात येते तो बॅलन्स्ड लोडचा प्रश्न हाच असते.

आकडे असे. डीपीवर लाईन टू लाईन 415 व्होल्ट. एका तारेचा इम्पीडन्स 1.2 + j0.3 ओहम, स्क्विरल तार असली अन् एवढं अंतर असलं की साधारण इतकाच येते. मोटर डेल्टात जोडलेली, प्रत्येक वाइंडिंगचा इम्पीडन्स 36 + j27 ओहम धरला.

आता तिन्ही फेज सारखे आहेत म्हून तीन गणितं करायची गरज नाही. तिन्ही करंटची बेरीज शून्य येते, म्हणजे सोर्सचा न्यूट्रल अन् लोडचा न्यूट्रल एकाच पोटेन्शियलवर. मधात तार असो नसो, आपण मनातल्या मनात झिरो ओहमची तार ओढायची अन् एकच फेज सोडवायचा, बाकीचे दोन 120 डिग्रीनं मागं-पुढं तेच असतात. पण डेल्टाले न्यूट्रलच नाही न भाऊ! म्हून पहिले डेल्टाचा स्टार करा, बॅलन्स्ड असला की नुसतं 3 नं भागायचं. अन् 415 ले रूट 3 नं भागायचं.

```
Z_load = (36 + j27)/3 = 12 + j9 = 15∠36.87°
V_ph   = 415/√3 = 239.6∠0°
Z_tot  = 13.2 + j9.3 = 16.15∠35.17°
I      = 239.6/16.15 = 14.84∠-35.17° A
V_load = 14.84 × 15 = 222.6∠1.70° V
V_LL   = √3 × 222.6 = 385.5 V
```

385! बाबाच्या मीटरवर तेच होतं, मले तर लय मजा वाटली.

आमच्या वर्गात निम्मे पोरं हा 3 नं भागायचं विसरले होते. तसं केलं तर करंट 5.2 अॅम्प येते अन् लोडवर 405 व्होल्ट, कागदावर गोजिरं दिसते, पण तारेले क्लॅम्प मीटर लावलं की 15 च्या जवळ दाखवते, मग डोकं खाजवत बसा.

दुसरी चूक म्हणजे तारेतला ड्रॉप 14.84 × 1.237 = 18.4 व्होल्ट काढून 239.6 मधून सरळ वजा करणं. 221.2 येते, ते चूक आहे, कारण तो ड्रॉप फेजर आहे, त्याचा अँगल वेगळा. खरा फरक 17.0 च. पडताळा पाहायचा असला तर I(R cosφ + X sinφ) लावा, 14.84 × (1.2×0.8 + 0.3×0.6) = 16.9, झालं जवळपास.

पावर पाह्यली तर मोटरले 3 × 14.84² × 12 म्हणजे 7.93 किलोवॅट, अन् तीन तारांत 793 वॅट नुसते तापण्यात. बाबाले हे सांगितलं तर म्हणे, "म्हणजे कावळे बसतात तिथं शेगडी पेटली आहे."

मग कोणीतरी कपॅसिटर सुचवला. पॉवर फॅक्टर पुरा 1 धरला तरी (कागदापुरतं) समांतर लोड 18.75 ओहम होते, करंट 12 वर येते पण व्होल्टेज फक्त 390. तारेत X कमी अन् R जास्त आहे न, म्हून कपॅसिटरनं लॉस कमी होते, व्होल्टेज काही फार उठत नाही. त्याच्यापेक्षा जाड तार, वीझल, R 0.8 धरला तर 393. एक मात्र आहे, खरी मोटर अशी ठरलेल्या ओहमची नसते, व्होल्टेज पडलं की भार ओढायले ती उलट जास्त करंट घेते, म्हून खरं चित्र याच्याहून थोडं वाईटच.

अन् रात्रीचं तर विचारूच नका. शेजारच्या काकाची तशीच मोटर आमच्याच लाईनच्या शेवटी आहे, दोन्ही चालल्या की लोडचा इम्पीडन्स अर्धा, 6 + j4.5. करंट 27.7, लोडवर 360 व्होल्ट. त्या रात्री मोटर नुसती घूं घूं करत होती, दुसऱ्या दिवशी मी ते पान काकाले दाखवलं, त्यांनी आकडे काही पाह्यले नाही, म्हणे, "मंग पहाटे तुम्ही लावा, मी थ्री फेज जायच्या आंधी लावतो."