घरगुती रक्तदाब नोंद अभ्यास : सहभागींचे आभार आणि निष्कर्षांचा सोप्या भाषेतील सारांश

आदरणीय सहभागी,

स. न. वि. वि.

घरच्या घरी रक्तदाब मोजून त्याची नोंद ठेवण्याविषयीचा सहा महिन्यांचा अभ्यास पूर्ण झाला असून आपण लिहिलेल्या नोंदींचे विश्लेषणही आता हाती आले आहे. सहा महिने सकाळ-संध्याकाळ दंडाला पट्टा बांधणे, आकडा वहीत उतरवणे आणि ठरल्या वेळी तपासणीला येणे हे सांगायला सोपे असले तरी रोजच्या धबडग्यात पाळायला कठीण आहे, याची आम्हांला पूर्ण जाणीव आहे. त्याबद्दल संपूर्ण अभ्यासगटाच्या वतीने आपले मनापासून आभार.

आभारांइतकेच आपण दिलेल्या माहितीतून काय निघाले हे आपल्याला कळवणेही आम्ही आमचे कर्तव्य समजतो. वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ साली स्वीकारण्यात आला. त्याच्या पुढील सुधारित आवृत्त्यांमध्ये, सहभागी व्यक्तींना अभ्यासाचे निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. संमतिपत्रावर सही करताना आपल्यापैकी बहुतेकांनी ‘निष्कर्ष कळवावेत’ या चौकटीत खूण केली होती, त्यानुसार हे पत्र पाठवत आहोत. अभ्यासाच्या काळात आपल्यातील दोन सहभागींचे निधन झाले. दोन्ही प्रसंगी स्वतंत्र नैतिकता समितीने कागदपत्रे तपासली आणि मृत्यूचा अभ्यासाशी संबंध नसल्याचे नोंदवले. त्यांच्या कुटुंबीयांची इच्छा असल्याने त्यांनाही हे पत्र पाठवले आहे आणि त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे.

आम्हांला काय जाणून घ्यायचे होते

उच्च रक्तदाब बहुतेक वेळा जाणवत नाही. त्यामुळे औषध घेणे राहून जाते आणि मोजणीही राहून जाते. मोबाइलवर रोज एक आठवणीचा संदेश पाठवला, तर लोक अधिक नियमितपणे रक्तदाब मोजतील का आणि मुख्य म्हणजे त्यामुळे त्यांचा रक्तदाब खाली येईल का, हा आमचा प्रश्न होता. असे संदेश पाठवणे स्वस्त आणि सोपे असते, म्हणूनच ते खरोखर उपयोगी पडतात की नाही हे आधी तपासून पाहणे आवश्यक वाटले.

आपण २१६ जण या अभ्यासात सामील झालात. संगणकाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे १०८-१०८ चे दोन गट पाडले. एका गटाला रोज संदेश गेला, दुसऱ्याला गेला नाही. कोण कोणत्या गटात जाणार हे आपण ठरवले नाही, आपल्या डॉक्टरांनी नाही आणि आम्हीही नाही. यंत्र, नोंदवही, मोजणीचे प्रशिक्षण आणि तपासण्या मात्र दोन्ही गटांना अगदी सारख्याच होत्या. शेवटच्या तपासणीपर्यंत १९७ जण राहिलात. ज्यांनी मध्येच थांबायचे ठरवले त्यांचा तो हक्कच होता, आणि त्यांनी तोपर्यंत दिलेल्या नोंदीही त्यांच्या परवानगीने विश्लेषणात घेतल्या आहेत.

काय आढळले

मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले आहे. आठवणीच्या संदेशांमुळे रक्तदाब अधिक कमी झाला, असे या अभ्यासातून दिसले नाही.

सुरुवातीला दोन्ही गटांचा वरचा आकडा सरासरी १४८ होता. सहा महिन्यांनी तो संदेश मिळालेल्या गटात १४१ आणि संदेश न मिळालेल्या गटात १४२ झाला. हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत. दोन गटांतील एका मिलिमीटरचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून तो संदेशांमुळे पडला असे म्हणता येत नाही. संदेशांमुळे मोजणीची नियमितता मात्र काहीशी वाढली : संदेश मिळणाऱ्या गटाने आठवड्यातून सरासरी पाच दिवस मोजणी केली, दुसऱ्या गटाने चार दिवस. तिसऱ्या महिन्यानंतर हा फरकही कमी होत गेला. संदेश येतो, आपण तो पाहतो आणि बाजूला सारतो, असे अनेकांनी शेवटच्या मुलाखतीत सांगितले, ते आकड्यांशी जुळते.

इथे एका गोष्टीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे गरजेचे वाटते. संदेश न मिळालेल्या गटातील काही जणांनी तपासणीच्या वेळी आमच्या सहकाऱ्यांना विचारले होते, “आम्हांला तर काहीच दिलं नाही, मग आमचा उपयोग काय?” प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर आता निष्कर्षातच आहे. संदेश मिळालेल्या गटाचा रक्तदाब सात मिलिमीटरने उतरला. केवळ तेवढाच गट असता, तर संदेश गुणकारी आहेत असे आम्ही आनंदाने जाहीर केले असते आणि ते चुकीचे ठरले असते. संदेशाविनाही रक्तदाब जवळजवळ तेवढाच उतरला, हे केवळ दुसऱ्या गटामुळे कळले. या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची माहिती त्या १०८ जणांनी दिली आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

मग दोन्ही गटांत रक्तदाब उतरला कसा? त्याची काही कारणे संभवतात. रक्तदाब दिवसागणिक, किंबहुना तासागणिक वरखाली होत असतो. पहिल्या तपासणीत ज्यांचा आकडा वर होता अशांचीच आम्ही निवड केली होती, आणि त्यातील काहींचा आकडा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त असणार. अशा व्यक्तींचा रक्तदाब पुन्हा मोजला की काहीही न करता तो थोडा खाली आलेला दिसतो. दुसरे कारण म्हणजे, आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे हे ठाऊक असले की माणसे औषध वेळेवर घेतात आणि पथ्यही पाळतात. शिवाय काहींनी नोंदवही आपल्या डॉक्टरांना दाखवली आणि त्यांनी औषधाची मात्रा बदलली. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे करण्यासाठी हा अभ्यास आखलेला नव्हता.

नोंदवह्यांमधून कळलेले

आकड्यांच्या स्तंभाशेजारची समासातील जागा आम्ही मुद्दाम कोरी ठेवली होती, आणि आपण तिचा जो उपयोग केलात तो आमच्या अपेक्षेपलीकडचा होता. एका वहीत १६२ या आकड्यापुढे ‘जिना चढून आल्याबरोबर मोजला’ असे लिहिले आहे आणि त्याखाली, थोड्या वेळाने बसून घेतलेला १४४ हा आकडा आहे. दुसऱ्या एका वहीत सलग चार दिवस ‘रात्री झोप नाही’ एवढेच दोन-तीन शब्द आहेत आणि त्या चारही दिवशी सकाळचे आकडे चढलेले आहेत. ही सगळी टिपणे आम्ही वाचली. एकाच आकड्यावरून घाबरून जाऊ नये आणि निश्चिंतही होऊ नये, हे आम्ही प्रशिक्षणात सांगितले होते. आपल्या वह्यांनी ते आमच्यापेक्षा चांगले दाखवून दिले.

यंत्राच्या स्मृतीतील आकडे आणि वहीतील आकडे आम्ही ताडून पाहिले. बहुतेक वह्या तंतोतंत जुळल्या. काही ठिकाणी १३२ ऐवजी १३०, ८४ ऐवजी ८० असे शेवटी शून्य येईल असे आकडे उतरवलेले दिसले. ही सवय डॉक्टर आणि परिचारिकांमध्येही आढळते, त्यामुळे यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पुढे स्वतःसाठी नोंद ठेवताना मात्र यंत्र दाखवेल तोच आकडा लिहावा, ही विनंती.

या निष्कर्षांच्या मर्यादा

अभ्यास सहा महिन्यांचाच होता. मोबाइल वापरणाऱ्या आणि स्वतःहून पुढे आलेल्या व्यक्तीच यात होत्या, आणि असे लोक मुळात आरोग्याबाबत अधिक जागरूक असू शकतात. मोजणीकडे फारसे लक्ष न देणाऱ्यांना संदेशांचा अधिक उपयोग होईल का, हे आम्ही सांगू शकत नाही. एकाच अभ्यासावरून आठवणीच्या सर्व प्रकारच्या संदेशांना निरुपयोगी ठरवणेही योग्य होणार नाही, कारण आम्ही पाठवलेला संदेश एकतर्फी आणि रोज त्याच शब्दांतला होता. अभ्यासाचा खर्च सार्वजनिक संशोधन निधीतून झाला. यंत्रे बनवणाऱ्या वा औषध कंपन्यांकडून कोणतेही साहाय्य घेतलेले नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ

या पत्रातील आकडे संपूर्ण गटाची सरासरी आहेत. त्यांवरून आपल्या स्वतःच्या प्रकृतीविषयी निष्कर्ष काढू नये. आपल्या वैयक्तिक नोंदींचा गोषवारा सोबतच्या बंद पाकिटात आहे, तो पुढच्या भेटीच्या वेळी आपल्या डॉक्टरांना दाखवावा. घरी मोजलेला रक्तदाब दवाखान्यातल्यापेक्षा थोडा कमी येतो. म्हणूनच अनेक मार्गदर्शक सूचनांमध्ये दवाखान्यासाठी १४०/९० आणि घरच्या सरासरीसाठी १३५/८५ अशी निरनिराळी मर्यादा धरलेली असते. गोषवारा वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये किंवा त्याची मात्रा बदलू नये. कधी आकडा १८०/१२० किंवा त्याहून वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा दिसण्यात बदल होणे यांपैकी काहीही जाणवले, तर पुन्हा मोजत न बसता ताबडतोब तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

मोजणी पुढे चालू ठेवायची असल्यास पद्धत तीच आहे : आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा, लघवी करून यावे, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीवर येईल असा बांधावा, मोजताना बोलू नये आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटाच वाढलेला येतो, त्यामुळे घरातील दुसऱ्या कोणासाठी हेच यंत्र वापरणार असाल तर त्यांच्या दंडाचे माप आधी पाहावे.

आपल्या माहितीचे पुढे काय होईल

आपले नाव आणि आपल्या नोंदी यांना जोडणारी यादी वेगळ्या कुलूपबंद कपाटात आहे. संमतिपत्रात लिहिल्याप्रमाणे ती पाच वर्षांनी नष्ट केली जाईल. प्रसिद्ध होणाऱ्या शोधनिबंधात कोणाचीही ओळख पटेल असा तपशील नसेल, आणि वर उल्लेखलेली समासातील टिपणेही संबंधितांना विचारूनच येथे दिली आहेत. निकाल ‘नाही’ असा आला म्हणून आम्ही तो प्रसिद्ध करण्याचे टाळणार नाही. तो दडवला गेला तर दुसरे कोणी हाच प्रयोग नव्याने करील आणि आणखी दोनशे जणांचे सहा महिने खर्ची पडतील.

या पत्रातील काही समजले नसेल, पटले नसेल किंवा आपला अनुभव याहून वेगळा असेल, तर आपल्याकडील माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरील दूरध्वनी क्रमांकावर अवश्य कळवावे. आम्हांला सांगणे अवघड वाटत असेल, तर त्याच पानावर नैतिकता समितीचा स्वतंत्र क्रमांकही आहे.

कळावे,

आपले नम्र,
मुख्य संशोधक आणि अभ्यासगटातील सर्व सहकारी

ता. क. : रक्तदाब मोजण्याचे यंत्र आपल्याकडेच ठेवावे, ते परत करण्याची आवश्यकता नाही. मूळ नोंदवही परत हवी असल्यास दूरध्वनीवरून तसे सांगावे, प्रत काढून घेऊन आम्ही ती टपालाने पाठवू.