आरोग्य विमा दावा नामंजुरीविरुद्ध फेरविचाराचा अर्ज

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावे विभाग,
विभागीय कार्यालय, पुणे

विषय : दावा क्रमांक २५०८१९३३६७, पॉलिसी क्रमांक १६०९२८००४४७१, रुग्ण सौ. वैशाली अनिल सुतार (वय ४५), डेंग्यूसाठी १८ ते २२ ऑगस्ट २०२५ रुग्णालयात दाखल. दि. १७ ऑक्टोबर २०२५ च्या नामंजुरी पत्रावर फेरविचार होऊन ९१,२२० रुपये मिळणेबाबत.

महोदय,

नामंजुरीचे मूळ पत्र आम्हाला टपालाने वा ईमेलने मिळालेले नाही. आपल्या शाखेच्या काउंटरवर दाखवलेल्या प्रतीचा मोबाइलवर काढलेला फोटो तेवढा हाती आहे. त्याची छापील प्रत सोबत जोडली आहे (जोडपत्र १). फोटोत तीनही कारणे स्वच्छ वाचता येतात. तिसऱ्या कारणाखालचा कलम क्रमांक मात्र कागदाच्या घडीवर आल्याने दिसत नाही. सही-शिक्क्याची मूळ प्रत अर्जाच्या उत्तरासोबत द्यावी. पत्रात छापलेल्या प्रत्येक कारणाला आमचे उत्तर असे आहे.

कारण १ : "रुग्णास सहा वर्षांपासून उच्च रक्तदाब, प्रस्ताव अर्जात माहिती दडवली."

याला आधार आहे तो इनडोअर केस पेपरच्या पहिल्या पानावरील, दाखल करून घेताना लिहिलेल्या एका ओळीचा. तापाने ग्लानी आलेल्या रुग्णाने "पाच-सहा वर्षं झाली असतील" असे सांगितले आणि निवासी डॉक्टरांनी सहा लिहिले. रक्तदाबाचे निदान झाले ३ नोव्हेंबर २०२० रोजी. त्या दिवसाचे प्रिस्क्रिप्शन (अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक) आणि उपचार करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे (जोडपत्र २ व ३). पॉलिसी सुरू झाली १४ जून २०१९ रोजी. म्हणजे प्रस्ताव अर्जात "रक्तदाब : नाही" हे लिहिलेले उत्तर त्या दिवशी खरे होते. केस पेपरमधली सहा वर्षे शब्दशः धरली, तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून मागे मोजल्यास ऑगस्ट २०१९ येतो. तोही पॉलिसीनंतरचाच.

निदानाची तारीख बाजूला ठेवली तरी हे कारण टिकत नाही. १४ जून २०१९ पासून एकही नूतनीकरण चुकलेले नाही. सातही वर्षांच्या प्रीमियम पावत्या जोडल्या आहेत (जोडपत्र ४). सलग ६० महिने १४ जून २०२४ रोजी पूर्ण झाले. आयआरडीएआयच्या २०२४ च्या इन्शुरन्स प्रॉडक्ट्स नियमावलीनुसार आणि २९ मे २०२४ च्या आरोग्य विमा मास्टर सर्क्युलरनुसार, सलग ६० महिन्यांच्या संरक्षणानंतर माहिती न दिल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दाव्याला हरकत घेता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आपल्या पत्रात फसवणूक हा शब्दही नाही, मग सिद्ध करण्याचा प्रश्नच उरत नाही. विमा रक्कम जून २०२२ मध्ये ३ लाखांवरून ५ लाख झाली, म्हणून वाढीव रकमेची मुदत वेगळी मोजली जाते, हे आम्ही जाणतो. हा दावा मूळ ३ लाखांतच पूर्ण बसतो. खोलीभाडे दिवसाला २,८०० रुपये होते, म्हणजे मूळ रकमेच्या १ टक्का मर्यादेच्याही आत.

शिवाय पूर्वीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा मुदत जुन्या अटीप्रमाणे ४८ महिने धरली, तरी ती जून २०२३ मध्ये संपली. आणि उपचार झाला तो डेंग्यूवर. दाखल होताना रक्तदाब १००/६० होता, त्यामुळे १८ ते २० ऑगस्ट अॅम्लोडिपिन बंद ठेवले होते; औषधांच्या तक्त्यात त्या रकान्यांत काट मारलेली आहे. रक्तदाबावर या बिलात एक रुपयाही नाही.

कारण २ : "दाखल होणे केवळ तपासण्यांसाठी, बाह्यरुग्ण उपचार शक्य होते (एक्सक्लुजन ०४)."

एक्सक्लुजन ०४ लागू होते ते मुख्यतः निदान व तपासणीसाठी दाखल झाल्यास. इथे निदान दाखल होण्याआधीच हाती होते : १७ ऑगस्टला बाहेरच्या लॅबमध्ये डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली (जोडपत्र ५). निदान झालेल्या रुग्णाला निदानासाठी कोण दाखल करेल?

दाखल का केले, ते आकड्यांत दिसते. प्लेटलेट १७ ऑगस्टला ९२,०००, १८ ला ४१,०००, १९ च्या सकाळी २४,०००, २० ला ३१,००० आणि घरी सोडताना २२ ला ७८,०००. त्याहून महत्त्वाचे हिमॅटोक्रिट : १७ ला ३७.८, १९ ला ४५.६. ही वाढ २० टक्क्यांहून अधिक आहे. रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपत असल्याची ती खूण असते. अशा वेळी प्लेटलेटपेक्षा हाच आकडा जिवावर बेततो, कारण ताप उतरताना रुग्ण अचानक शॉकमध्ये जाऊ शकतो. केस पेपरमध्ये सतत उलट्या, पोटदुखी आणि हिरड्यांतून रक्त अशी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या डेंग्यू मार्गदर्शिकेत ही तिन्ही धोक्याची लक्षणे म्हणून दिली आहेत. तोंडाने पाणीही टिकत नव्हते, म्हणून चोवीस तास सलाईन, दर सहा तासांनी हिमॅटोक्रिट आणि लघवीचे मोजमाप ठेवले गेले. सलाईन कमी पडले तर शॉक, जास्त झाले तर फुफ्फुसात पाणी. तासातासाने वेग बदलण्याचे हे काम घरी होत नाही. नर्सिंग चार्टमध्ये हे वेग वेळेसह लिहिलेले आहेत (जोडपत्र ६). दाखल करणाऱ्या डॉक्टरांचे गरजेचे प्रमाणपत्रही सोबत आहे (जोडपत्र ७). आपल्या वैद्यकीय तज्ज्ञांनी हा चार्ट पाहिला असल्यास त्यांचे लेखी मत द्यावे.

कारण ३ : "कागदपत्रे उशिरा सादर."

दाखल झाल्याची सूचना १९ ऑगस्टला, २४ तासांच्या आत, ईमेलने दिली होती. कागदपत्रांची ३० दिवसांची मुदत २१ सप्टेंबरला, रविवारी संपली आणि फाइल २६ सप्टेंबरला दाखल झाली. केस पेपरच्या प्रमाणित प्रतीसाठी रुग्णालयाकडे २९ ऑगस्टलाच अर्ज केला होता. प्रत मिळाली २४ सप्टेंबरला. अर्जाची पोच व प्रत मिळाल्याची पावती जोडली आहे (जोडपत्र ८). विमाधारकाच्या हातात नसलेल्या कारणाने झालेल्या उशिरावरून खरे दावे नाकारू नयेत, असे आयआरडीएआयच्या २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितले आहे.

रकमेबाबत : एकूण बिल ९४,३६० रुपये. त्यातील हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क वगैरे ३,१४० रुपये देय नाहीत, ते आम्ही मागत नाही. उरलेले ९१,२२० रुपये आणि पॉलिसीतील अटीप्रमाणे विलंबाचे, बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज मिळावे.

मास्टर सर्क्युलरप्रमाणे दावा नाकारण्यापूर्वी क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते. फोटोतील पत्रात तिचा उल्लेख नाही. कमिटीच्या निर्णयाची तारीख व प्रत द्यावी. फाइल पहिला निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्याकडेच परत न पाठवता दुसऱ्या अधिकाऱ्यांनी पाहावी, अशी विनंती आहे.

या अर्जाचे लेखी उत्तर १४ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास किंवा समाधानकारक नसल्यास बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवू. त्यानंतर पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयाकडे २०१७ च्या लोकपाल नियमांनुसार जाऊ. त्यासाठी कंपनीने हा अर्ज नाकारल्यापासून एक वर्षाची मुदत आहे आणि तिथे वकील वा शुल्क लागत नाही. मात्र हा प्रश्न कंपनीच्या पातळीवर सुटावा, हीच आमची मनापासून इच्छा आहे. सात वर्षे प्रीमियम याच दिवसासाठी भरला.

जोडपत्रे १ ते ८ (स्वसाक्षांकित प्रती, मूळ कागद मागितल्यास दाखवू).

आपला विश्वासू,

अनिल सुतार
(पॉलिसीधारक व रुग्णाचे पती)
कर्वेनगर, पुणे ४११०५२
संपर्क : पॉलिसीवर नोंदलेला मोबाइल व ईमेल

ता. क. : अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवत आहे. दोन्हीकडे तक्रार क्रमांक एकच नोंदवून तो कळवावा.