अहो, उठल्याबरोबर आधी हे वाचा

अहो,

सकाळचे पावणेपाच झालेत, मी आणि मुन्नी अँजिओग्राफीसाठी सव्वापाचला हॉस्पिटलला निघतोय, जावईबापू गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबणार आहेत म्हणजे हॉर्नने तुमची झोप मोडायला नको. सगळे सोबत जाऊ असं रात्री आपलं ठरलं होतं ते मी मोडलं, त्याचा राग धरू नका. साडेतीनपर्यंत तुम्ही कूस बदलत होतात ते मला कळत होतं, मी डोळे मिटून पडले होते तरी कळत होतं, आणि मग एकदाचा तुमचा डोळा लागला, घोरायला लागलात, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की उठवायचा जीवच झाला नाही. तुमचं पण बीपी आहे, तिथे सकाळी सहापासून बाकावर बसून तुम्हालाच चक्कर आली तर मी आत निवांत पडायचं कसं?

तुम्ही उशीर केलेला नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. साडेसहाला फक्त भर्तीचे कागद, वजन, बीपी, ईसीजी आणि हातात सुई लावून ठेवणं एवढंच आहे. लिस्टमध्ये माझा नंबर तिसरा आहे, काल सिस्टरने फोनवर सांगितलं की दहाच्या आधी आत घेणार नाहीत, उलट साडेदहा-अकरा पण होतील. म्हणजे तुम्ही आरामात आंघोळ, चहा, नाश्ता करून साडेनऊला पोचलात तरी मी आत जायच्या आधी तुम्हाला भेटते, आणि तुम्हाला बघितल्याशिवाय मी जाणार पण नाही, हे मुन्नीला सांगून ठेवलंय.

आता त्या तपासाबद्दल. तुम्ही मला विचारत नाही आणि मनात काहीतरी चालू ठेवता, म्हणून लिहूनच ठेवते. अँजिओग्राफी म्हणजे ऑपरेशन नाही, जांच आहे. बेशुद्ध करत नाहीत, मनगटापाशी नुसती जागा बधिर करतात, मग तिथल्या नसेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन रंगाचं औषध सोडतात आणि पडद्यावर बघतात की रक्त कुठे अडतंय का. औषध सोडलं की अंगात एकदम गरम गरम वाटतं म्हणे, दोनचार सेकंद, ते पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय म्हणून मी घाबरणार नाही. वीस मिनिटं ते अर्धा तास. नंतर मनगटावर घट्ट पट्टा बांधतात, तो काही तास ठेवून हळूहळू सैल करतात आणि पाणी भरपूर प्यायला सांगतात म्हणजे ते औषध लघवीतून निघून जातं. मुन्नीने विचारलं होतं की धोका किती, तर डॉक्टर म्हणाले मोठं काही व्हायची शक्यता शंभरात एकाहून कमी, आणि ती एक पण आमच्या डोळ्यासमोर टेबलावर असते, घरात एकटी नसते. मला ते वाक्य फार पटलं.

दादांचं तुमच्या डोक्यात आहे हे मला माहीत आहे. रात्री तुम्ही देवघरासमोर उभे होतात तेव्हा त्यांच्या फोटोकडेच बघत होतात. पण ते वेगळं होतं हो. दादांना तीन दिवस छातीत जळजळ होती आणि सगळ्यांनी, मी पण त्यात होते, गॅस आहे म्हणून जीरं-ओवा दिला, सोडा दिला, आणि गेले तेव्हा रस्त्यातच सगळं संपलं. तपासाने नाही गेले ते, तपास न केल्याने गेले. मला जिना चढताना धाप लागते हे मी या वेळी दोन आठवड्यांतच सांगितलं, लपवलं नाही, टीएमटीत गडबड आली तर लगेच पुढचं ठरवलं. इकोमध्ये पंपिंग ६० टक्के आलंय, ते नॉर्मल आहे, रिपोर्ट तुम्ही स्वतः वाचलाय. मी आज माझ्या पायाने चालत हॉस्पिटलच्या दारातून आत जातेय, कोणी उचलून नेत नाहीये.

खरं सांगायचं तर थोडी भीती मला पण आहे. सुईची आहे, तुम्हाला माहितीच आहे मुन्नीच्या वेळेस मी किती आरडाओरडा केला होता. पण पोटात गोळा येईल अशी नाही. रात्री मी नीट झोपले, अकरा ते तीन एकदम गाढ. सकाळी एका घोटाबरोबर बीपीची गोळी आणि इकोस्प्रिन घेतली कारण ती घ्यायची सांगितली होती, शुगरची नाही घेतली कारण ती बंद ठेवायला सांगितली होती, दोन दिवसांनी किडनीची तपासणी परत करून मग सुरू करायची आहे, हे तुम्ही पण लक्षात ठेवा नाहीतर उद्या सवयीने हातात गोळी आणून द्याल.

आणखी एक गोष्ट आहे जी मी तोंडाने बोलले असते तर तुम्ही उठून बाल्कनीत गेला असता. आत काही ब्लॉकेज निघालं तर डॉक्टर बाहेर येऊन तुम्हाला आणि मुन्नीला पडद्यावर दाखवतील. ७० टक्क्यांच्या वर असलं आणि स्टेंट टाकायचा म्हणाले तर माझं हो आहे. त्याच वाटेने टाकतात, वेगळी चिरफाड नाही, आणि परत दुसऱ्या दिवशी तीच सगळी उस्तवार करण्यात मला काही अर्थ वाटत नाही. सही करताना हात थांबवू नका, मी सांगितलंय म्हणून करताय असं समजा. पण बायपास म्हणाले तर आज काही ठरवायचं नाही, रिपोर्ट आणि सीडी घेऊन घरी यायचं, मग दुसऱ्या डॉक्टरला दाखवून शांतपणे ठरवू. मेडिक्लेमचं कार्ड, दोघांचे आधार, जुने रिपोर्ट सगळं निळ्या थैलीत माझ्यासोबत आहे, पैशाची काळजी आज तुम्ही करायची नाही, जावयांनी डेस्कवर बोलून ठेवलंय.

आता घरातलं. आज नर्मदेचं पाणी यायचा दिवस आहे, सहा-सव्वासहाला येतं, मोटर मी लावू शकत नाही इतक्या लवकर, तेवढी तुम्ही लावा आणि टाकी भरली की बंद करायला विसरू नका, मागच्या वेळी ओटल्यावरून खाली धार लागली होती. कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला आणि सुका दोन्ही डबे दारात ठेवलेत ते द्या, माझी इंजेक्शनं, पट्ट्या वेगळ्या पुडीत आहेत, ती त्यांना वेगळी सांगून द्या. दूध तापवून झाकून ठेवलंय, जाळी नाही, ताटलीच ठेवलीय कारण मांजर काल परत आलं होतं.

खायचं. पोहे धुवून चाळणीत ठेवलेत, कांदा-मिरची चिरलेली वाटीत आहे, तुम्हाला फोडणी येते, तपेलीत पाणी उकळून वर चाळणी ठेवा म्हणजे आपल्यासारखे वाफेवरचे मऊ होतील, शेव आणि जीरावन डब्यात. नसेल करावंसं वाटत तर समोरच्या वहिनींनी सांगितलंय की भाऊसाहेबांना इकडेच पाठवा, लाजू नका. पण उपाशी यायचं नाही. तुम्ही तिथे रिकाम्या पोटी बसलेले असाल तर मला आत टेबलावर तेच दिसत राहील. तुमच्या गोळ्या छोट्या वाटीत काढून ठेवल्यात, पांढरी नाश्त्याच्या आधी, गुलाबी नंतर.

येताना शेजारच्या मुलासोबत त्याच्या गाडीवर नका येऊ, रिक्षा करा, तो फार जोरात चालवतो. महूनाक्यावरून नेहमीचा रस्ता घ्या आणि छावनीत शिरायचं टाळा, मंडीच्या गाड्या लागल्या की अर्धा तास तिथेच जातो. रस्त्यात खजराण्याच्या गणपतीला जायचा विचार असेल तर तो पण सोडा. उलटा स्वस्तिक काढायला तुम्ही एकटे जाल हे मला माहीत आहे, पण नवस बोलायचा असेल तर इथेच आपल्या देवघरातल्या गणपतीला बोला, तो पण तोच आहे. येत्या नाहीतर पुढच्या बुधवारी मला पायऱ्या चढायला डॉक्टर हो म्हणाले की दोघं जाऊ आणि सरळ स्वस्तिक काढून येऊ.

माझा फोन मुन्नीकडे आहे. मी उचलला नाही तर आत गेले एवढंच समजा, तिला करा, ती उचलेल. पुण्याच्या ताईंना आज सांगू नका, त्या लगेच निघतील आणि त्यांच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहितीच आहे. संध्याकाळी पट्टा सुटला की मी स्वतः त्यांच्याशी बोलते.

आणि एक राहिलं, तेच सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. देवघरात हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी माझं मंगळसूत्र ठेवलेलं दिसेल, त्याच्याजवळ उजव्या हातातल्या बांगड्या पण आहेत. दिवा लावायला गेलात की दिसतील आणि मला माहीत आहे तुमच्या मनात काय येईल, म्हणून सांगते, भलतंसलतं काही नाही. धातूचं अंगावर काहीच ठेवायचं नाही असा तिथला नियम आहे, आणि नळी उजव्या मनगटातून जाणार म्हणून त्या बांगड्या साबण लावून काल रात्रीच उतरवल्या, एकही फुटली नाही. डाव्या हातातल्या काचेच्या आहेत, त्या तशाच ठेवल्यात, सिस्टरला विचारून घेतलं होतं, ती म्हणाली काचेच्या असतील तर राहू द्या.

मंगळसूत्र रुमालात बांधून येताना घेऊन या. शर्टाच्या वरच्या खिशात नको, त्याची शिवण उसवलीय, पँटच्या खिशात ठेवा. पट्टा निघाला की तुम्हीच घाला, मला एका हाताने फासा लागत नाही.

तुमचा चष्मा फ्रीजवर आहे.

मी