दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला, केअरटेकर दादांनाही वाचून दाखवला आणि घरात जाऊन एकेक गोष्ट बघितली, म्हणून उत्तराला चार दिवस लागले, त्याबद्दल आधी सॉरी. तुम्ही लिहिलेलं खरं आहे. तीन रात्रींसाठी आलेलं कुटुंब दोन रात्रींत सामान आवरून निघून जातं, तर त्यात चूक गेस्टची नसते.

सगळ्यात आधी तुमच्या आईंबद्दल लिहितो, कारण रिव्ह्यूमधला तोच भाग मला सगळ्यात जास्त लागला. लिस्टिंगमध्ये आम्ही 'ज्येष्ठांसाठी सोयीचं, खाली बेडरूम आणि बाथरूम' असं लिहिलं होतं आणि तेवढं वाचूनच तुम्ही घर बुक केलंत. प्रत्यक्षात खालच्या बाथरूममध्ये इतका वास येत होता की गुडघे दुखत असताना त्यांना प्रत्येक वेळी जिना चढून वर जावं लागलं, रात्रीसुद्धा, आणि त्या जिन्याला एका बाजूला कठडाच नाही. हे गैरसोयीच्या पुढचं आहे, त्या पडल्या असत्या तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्यांना माझ्याकडून मनापासून सॉरी सांगा.

वास कशाचा होता तेही सांगतो. ती खोली बरेच दिवस बंद होती. फरशीवरच्या जाळीखाली पाइपला जो वाक असतो त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि त्या पाण्यामुळेच ड्रेनेजचा वास वर येत नाही, पण बाथरूम वापरलंच नाही तर ते पाणी हळूहळू सुकतं आणि वासाला वाट मोकळी होते. दादांनी फिनाइल टाकलं, रूम फ्रेशनर मारला, त्याने काय होणार होतं, वास तर खालून येत होता. दोन बादल्या पाणी ओतलं असतं तरी बराच फरक पडला असता, आणि हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. आता घर रिकामं असलं तरी दर आठवड्याला सगळे नळ सोडायचे आणि प्रत्येक जाळीत पाणी ओतायचं असं ठरवलंय, शिवाय प्लंबरला बोलवून जाळीसुद्धा बदलून घेतली आहे. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसवायचं काम चालू आहे, ते पूर्ण होईपर्यंत 'ज्येष्ठांसाठी सोयीचं' हे वाक्य लिस्टिंगमधून काढलेलं आहे.

गरम पाण्याचं तुम्ही लिहिलंत की दोघांच्या अंघोळी झाल्या की थंड पाणी यायचं. बरोबरच आहे, गीझर 15 लिटरचा होता. त्यातलं कडक पाणी गार पाण्यात मिसळून साधारण 30 लिटर कोमट पाणी होतं, त्यात दोघांचं कसंबसं भागतं आणि मग पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुम्ही सात जण होतात, त्यात लहान बाळ. आठ जणांचं घर म्हणून जाहिरात करायची आणि गीझर दोघांपुरता ठेवायचा, हे आमच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. वरच्या बाथरूममध्ये 25 लिटरचा नवीन बसवलाय, जुना आता फक्त खालच्या बाथरूमसाठी आहे. आणि घर आता आठ नाही, सहा जणांसाठीच देतोय, कारण सातवा आणि आठवा माणूस ज्या सोफा-कम-बेडवर झोपणार होता त्याच्या गादीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी स्वतः त्यावर एक रात्र झोपून बघितलं. मधली पट्टी पाठीला टोचते. तो बेड आता काढून टाकलाय.

शेजारच्या बांधकामाबद्दल. आवाज आमच्या हातात नाही असं लिहून मी मोकळा होऊ शकलो असतो, पण काम सुरू आहे हे तुमच्या बुकिंगच्या आधीपासून मला माहीत होतं आणि मी कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही दुसरं घर बघितलं असतं किंवा तारखा बदलल्या असत्या, ते ठरवायचा हक्क तुमचा होता. पुढे येणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवतो, काम अजून चालू आहे, सकाळी नऊच्या सुमाराला ड्रिल सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत मधूनमधून चालतं, दुपारी बाळाला झोपवायचं असेल किंवा घरातून मीटिंग करायच्या असतील तर सध्या हे घर घेऊ नका. लिस्टिंगमध्ये हे अगदी वरच टाकलंय आणि ज्यांचं बुकिंग आधीच झालंय त्यांना मेसेज करून पैसे न कापता कॅन्सल करायचा पर्याय दिलाय.

पहिल्या रात्री किल्लीच्या बॉक्सचा कोड लागत नव्हता आणि तुम्ही पाऊण तास बाळाला घेऊन दाराबाहेर उभे होतात. कोड बदलला होता, तुम्हाला गेला जुना. तुम्ही फोन केलात तेव्हा माझा फोन सायलेंटवर होता. आता चेक-इनच्या दिवशी दुपारी दादा स्वतः नवीन कोड लावून बघतात आणि मगच मेसेज जातो, त्यात त्यांचाही नंबर असतो.

चादरीवरच्या डागाचं काही स्पष्टीकरण नाही. धुतलेली होती, डाग जुना होता वगैरे सगळं गौण आहे, डाग असलेली चादर गेस्टच्या बेडवर घालायचीच नसते. तसल्या सगळ्या बाजूला काढल्या.

फोटोंबद्दलही तुमचं म्हणणं पटलं. वाइड अँगलने काढलेले होते त्यामुळे हॉल आहे त्यापेक्षा बराच मोठा दिसत होता आणि बाहेरच्या ओट्याचा फोटो रंग उडायच्या आधीचा होता. फोनवर साधे फोटो काढून लावलेत, जिन्याचा आणि खालच्या बाथरूमचा पण. वाय-फाय मागच्या खोलीत पोचत नाही हेही खरं, भिंती जाड आहेत, तिथे दुसरा राउटर लावला.

एक गोष्ट राहिली. तुम्ही तक्रार केल्यावर 'आधीच्या लोकांना तर काही प्रॉब्लेम आला नाही' असं उत्तर तुम्हाला मिळालं. ते दादांनी दिलं असलं तरी राग त्यांच्यावर नको. काही झालं तर काय बोलायचं, कोणाला विचारायचं, पैसे परत करायचा निर्णय कोणी घ्यायचा, यातलं काहीच मी त्यांना सांगून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे बिचारे घर सांभाळायचं म्हणून काहीतरी बोलून गेले. त्यांनाही वाईट वाटलंय. आता गेस्टने सांगितलेली अडचण तासाभरात सुटली नाही तर मला फोन करायचा आणि तेवढ्या वेळात गेस्टशी वाद घालायचा नाही, असं आमचं ठरलंय.

तुम्ही न राहिलेल्या तिसऱ्या रात्रीचे पूर्ण पैसे आणि क्लीनिंग फी काल अ‍ॅपवरूनच परत पाठवली आहे, बँकेत यायला थोडे दिवस लागतील. त्याच्या बदल्यात रिव्ह्यू बदला किंवा स्टार वाढवा असं अजिबात म्हणणं नाही, तो आहे तसाच राहू द्या, बुकिंग करणाऱ्याला तो वाचायला मिळायला हवा. पैसे आठवड्याभरात आले नाहीत तर अ‍ॅपवर एक मेसेज टाका, मी स्वतः सपोर्टशी बोलून मार्गी लावतो.