गणेशोत्सव सांस्कृतिक संध्या: निवेदनाची सुरुवात

गणपती बाप्पा...

(प्रतिसादासाठी थांबायचं.)

हा ‘मोरया’ फक्त सी विंगकडून आला. ए विंगवाले खाली उतरलेत ना, की गॅलरीतूनच दर्शन चाललंय? पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या. गणपती बाप्पा... मोरया!

हां, आता कसं!

नमस्कार मंडळी. आजच्या सांस्कृतिक संध्येत तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. मी बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. एरवी लिफ्टमध्ये ‘कितवा मजला?’ एवढंच विचारते, आज मात्र समितीने माझ्या हातात माइक दिलाय. तो परत कसा घ्यायचा हे त्यांनी ठरवलेलं नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

लोकमान्य टिळकांनी 1893 पासून गणेशोत्सवाच्या सार्वजनिक रूपाला बळ दिलं. त्या काळी गणपतीपुढे मेळे गायचे, व्याख्यानं व्हायची, कीर्तनं रंगायची. एका वाड्यातली माणसं दुसऱ्या वाड्यातल्या माणसांशेजारी येऊन बसायची. आपला वाडा आता सात मजली झालाय आणि चौक म्हणजे हे पार्किंग. ज्या जागेवरून वर्षभर ‘ही गाडी कोणाची?’ असे मेसेज फिरतात, त्याच जागेवर आज आपण मांडीला मांडी लावून बसलोय. ज्यांनी आज गाड्या बाहेर लावून जागा मोकळी करून दिली, त्यांच्यासाठी पहिली टाळी. आणि ती एक पांढरी गाडी अजून तिथेच आहे. काका, राहू द्या. विंगेतून येणाऱ्या कलाकारांना आडोसा झालाय.

आपला बाप्पा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. आपल्या खजिनदारांनी मला परवा विचारलं, या चौसष्टांत वेळेवर मेंटेनन्स भरण्याची कला येते का? मी म्हटलं, येत नाही हो, पण समाविष्ट करण्यासारखी नक्की आहे!

बाकीच्या कला मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. गेले काही दिवस रात्री जेवणं झाली की गच्चीवर तालमी चालायच्या. सातव्या मजल्यावरच्या मंडळींनी डोक्यावर धपधप ऐकत झोप काढली, कुणी तक्रार केली नाही. उलट त्यांच्यातल्या एक आजी वर येऊन म्हणाल्या, ‘अगं, तुमचा तिसरा ठेका चुकतोय, मला खाली कळतंय.’ आजी आज पहिल्या रांगेत बसल्यात. नाचणाऱ्या सगळ्या जणींनी तिसऱ्या ठेक्याला त्यांच्याकडे बघू नये, ही विनंती.

आज छोट्यांचे नाच आहेत, वेशभूषा आहे, महिला मंडळाची नाटिका आहे. पुरुष मंडळींचं समूहगान आहे. त्यांच्या तालमी किती झाल्या ते विचारू नका, चहा मात्र प्रत्येक तालमीला झालाय. मुलांबद्दल एवढंच सांगते, स्टेजवर कोणी स्टेप विसरलं, रडलं किंवा मध्येच आईला हाक मारली, तरी टाळ्या थांबवायच्या नाहीत. आणि आईबाबांनो, खाली बसून हातवारे करू नका. नाहीतर लोक तुमचाच नाच बघत बसतील.

दोन सूचना आहेत, झटपट सांगते. मोबाइल सायलेंटवर ठेवा. व्हिडिओ जरूर काढा, पण बसून. मागच्यांना आपल्या कलाकारांऐवजी तुमचा मोबाइल दिसायला नको. रुमाल टाकून धरून ठेवलेल्या खुर्च्या आता खुल्या करा, आपले ज्येष्ठ अजून उभे आहेत. आणि दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद होणार, म्हणजे होणारच. त्यामुळे ‘वन्स मोअर’ मनातल्या मनात म्हणा.

आता दीपप्रज्वलन. यंदा समितीने एक फार छान गोष्ट ठरवली. दरवर्षी हा मान पाहुण्यांना असतो, यंदा तो घरच्या माणसांना दिलाय. आपल्या सोसायटीतल्या सर्वांत ज्येष्ठ आजी, म्हणजे त्याच, ठेक्यावाल्या. आणि त्यांच्यासोबत आपले वॉचमन काका. कोण कधी आलं, कोण किती वाजता गेलं, हे सगळं ठाऊक असूनही ते आजवर एका शब्दाने कुणाला बोललेले नाहीत! काका, तुमच्या या कलेला मनापासून सलाम. आज गेटवर आपली दोन तरुण मुलं उभी आहेत, तेव्हा निश्चिंत मनाने वर या.

आजी, सावकाश या, घाई नाही. अध्यक्षसाहेब, जरा हात द्या त्यांना. आणि कोणीतरी तो पंखा बंद करा, नाहीतर समई तेवायची नाही.

(दीप लागेपर्यंत शांत राहायचं. मग टाळ्या.)

धन्यवाद आजी, धन्यवाद काका.

तर मंडळी, पहिला मान बाप्पाच्या वंदनेचा. ती सादर करतायत आपले सगळ्यात छोटे कलाकार, वय वर्षं चार ते सहा. विंगेत आठ उंदीरमामा तयार आहेत. नववे उंदीरमामा शूला गेलेत, ते मागून येऊन सामील होतील. होऊन जाऊ द्या जोरदार टाळ्या!