शेतजमीन विक्रीचे साठेखत (विनाताबा)

हे साठेखत आज सोमवार, दि. १२ जानेवारी २०२६ रोजी फलटण मुक्कामी खालील पक्षांनी आपापसांत लिहून ठेविले आहे.

लिहून घेणार: श्री. महेश पांडुरंग निकम, वय ४१, धंदा शेती, रा. ता. फलटण, जि. सातारा.

लिहून देणार:
१) श्री. हणमंत ज्ञानू शिंगटे, वय ५८, धंदा शेती
२) श्री. विलास ज्ञानू शिंगटे, वय ५२, धंदा शेती
३) सौ. मंगल अशोक भोईटे, माहेरचे नाव मंगल ज्ञानू शिंगटे, वय ५५, धंदा घरकाम व शेती
सर्व रा. ता. फलटण, जि. सातारा.

"लिहून देणार" व "लिहून घेणार" या शब्दांत त्यांचे वालीवारस, मुखत्यार व हितसंबंधी यांचा समावेश आहे.

१. मिळकतीचे वर्णन

तुकडी जिल्हा सातारा, पोटतुकडी तालुका फलटण, मौजे बोरजाईवाडी येथील जमीन गट नं. २११. एकूण क्षेत्र १ हेक्टर २४ आर, पैकी लागवडीयोग्य १ हेक्टर २० आर व पोटखराबा ४ आर. आकार ७ रुपये ५० पैसे. चतुःसीमा : पूर्वेस गट नं. २१४, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस लिहून देणार यांचाच गट नं. २१२, उत्तरेस शिवरस्ता.

मिळकतीत गट नं. २१२ मधील सामाईक विहिरीतील चार आणे हिस्सा, त्या हिश्शाची चार दिवसांतून एक दिवसाची पाणीपाळी, विहिरीवरील ५ एच.पी. विद्युत पंप, पंप ते जमीन ही पाईपलाईन, आणि बांधावरील सात आंबे व तीन चिंचा धरल्या आहेत. वीजजोडणी अद्याप कै. ज्ञानू यांच्या नावे आहे. ती लिहून घेणार यांच्या नावे होण्यासाठी महावितरणकडील अर्जावर लिहून देणार सह्या देतील. थकबाकी खरेदीखताच्या तारखेपर्यंत लिहून देणार यांची.

संपूर्ण गट विकला जात आहे. तुकडा पडत नाही, म्हणून तुकडेबंदी कायद्याचा भंग होत नाही.

२. मालकी कशी आली

सदर जमीन लिहून देणार यांचे आजोबा कै. दाजी शिंगटे कूळ म्हणून कसत होते. कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ३२ग खाली खरेदी होऊन त्यांना कलम ३२म चे प्रमाणपत्र दि. १८ मे १९६८ रोजी मिळाले. त्यांच्या पश्चात जमीन कै. ज्ञानू यांच्याकडे आणि ज्ञानू व त्यांच्या पत्नी रुक्मिणी यांच्या मृत्यूनंतर वारसाने लिहून देणार नं. १ ते ३ यांच्या नावे लागली. तिघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी एक तृतीयांश.

लिहून देणार नं. ३ यांनी हक्कसोडपत्र केलेले नाही. त्या या दस्तात केवळ संमती देणार नसून पूर्ण हिश्शाच्या मालक आहेत आणि त्यांच्या हिश्शाची रक्कम थेट त्यांच्याच बँक खात्यात जाईल. भावांनी बहिणीच्या वतीने पैसे घेतले तर ती रक्कम या करारापोटी मिळाली असे धरले जाणार नाही.

३. मालकी हक्काची तपासणी

लिहून देणार यांनी आज पुढील कागद दाखविले व प्रती दिल्या : चालू ७/१२, ८अ, १९५७ पासूनचे जुने ७/१२ व पीकपाणी उतारे, संबंधित सर्व फेरफार, ३२म प्रमाणपत्र, एकत्रीकरण उतारा व गटाचा नकाशा.

लिहून घेणार आपल्या वकिलामार्फत दुय्यम निबंधक कार्यालयात मागील तीस वर्षांचा शोध घेतील व स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देतील. नोटिशीनंतर चौदा दिवसांत आलेल्या हरकतीचे निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करावयाचे. ऑनलाईन ७/१२ वर काही दिसत नाही एवढ्याने मालकी निर्वेध ठरणार नाही. जुन्या फेरफारांत एखाद्या वारसाचे नाव राहून गेलेले आढळले, तर तो वारस खरेदीखतात सामील झाल्याशिवाय पुढील हप्ता देय होणार नाही.

चालू ७/१२ च्या इतर हक्कात आज तीन नोंदी आहेत : गावच्या विकास सेवा सोसायटीचा लिहून देणार नं. १ यांच्या पीककर्जाचा बोजा, कूळकायदा कलम ४३ चा शेरा, आणि महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम, १९९९ खालील हस्तांतरणबंदीचा शेरा. या तिन्ही नोंदी लिहून घेणार यांना समजावून सांगितल्या आहेत. त्यांखेरीज गहाण, दान, बक्षीस, पोटगी, जप्ती, संपादन, कोर्टदावा किंवा पूर्वीचे साठेखत नाही, असा भरवसा लिहून देणार तिघेही संयुक्तपणे व स्वतंत्रपणे देतात. लिहून देणार अनुसूचित जमातीचे नाहीत.

४. मोजणी

पूर्वेकडील बांधावरून गट नं. २१४ च्या मालकांशी बोलाचाली झालेली आहे, हे लिहून देणार यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणून भूमि अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यायची. अर्ज लिहून देणार करतील, मोजणी फी लिहून घेणार भरतील. लगतच्या खातेदारांना रीतसर नोटीस निघून त्यांच्यासमक्ष खुणा दाखविल्या गेल्या पाहिजेत. खासगी मोजणीदाराचा नकाशा चालणार नाही.

प्रत्यक्ष लागवडीयोग्य क्षेत्र १ आर पेक्षा जास्त कमी भरले, तर कमी भरलेल्या सर्व आरांची किंमत ठरलेल्या दराने शेवटच्या हप्त्यातून वजा होईल. क्षेत्र जास्त भरले म्हणून किंमत वाढणार नाही. ५ आर पेक्षा जास्त तूट आली, तर व्यवहार पुढे न्यायचा की दिलेली रक्कम परत घ्यायची हे लिहून घेणार ठरवतील.

५. किंमत व हप्ते

दर लागवडीयोग्य आरास ३७,५०० रुपये. १२० आरांची एकूण किंमत ४५,००,००० रुपये (अक्षरी पंचेचाळीस लाख रुपये). पोटखराबा, झाडे, विहिरीचा हिस्सा व पंप यांची वेगळी किंमत नाही. प्रत्येक हप्ता तिघांना समान दिला जाईल.

अ) विसार ६,००,००० रुपये आज आर.टी.जी.एस. ने तिघांच्या खात्यात प्रत्येकी २,००,००० रुपये जमा झाले. हीच त्यांची पोच.

आ) ९,००,००० रुपये, शोध अहवाल निर्वेध आल्यापासून व नोटिशीची मुदत संपल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल त्यापासून, १० दिवसांत. यातील लिहून देणार नं. १ यांच्या ३,००,००० रुपयांपैकी सोसायटीचे येणे (आजच्या दाखल्याप्रमाणे २,८६,४०० रुपये व भरणा होईपर्यंतचे व्याज) थेट सोसायटीत भरले जाईल, उरलेली रक्कम त्यांना मिळेल. येणे ३,००,००० वर गेल्यास वरचे पैसे त्यांनीच भरायचे. बेबाकी दाखला घेऊन तीस दिवसांत बोजा कमी झाल्याचा फेरफार लिहून देणार दाखवतील.

इ) ९,००,००० रुपये, कलम ६ मधील परवानगीची सहीशिक्क्याची नक्कल हाती आल्यापासून १५ दिवसांत.

ई) २१,००,००० रुपये, खरेदीखताच्या वेळी दुय्यम निबंधकांसमोर तीन डिमांड ड्राफ्टने.

कोणतीही रक्कम रोखीने दिली वा घेतली जाणार नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ रक्कम स्वीकारण्यास आयकर कायद्यानेही मनाई आहे. खरेदीखतात दाखविलेल्या किमतीखेरीज "वरचे" पैसे ठरलेले नाहीत.

६. सरकारी परवानग्या

हा व्यवहार पूर्णपणे परवानगीवर अवलंबून आहे. परवानगीआधी खरेदीखत करा असा आग्रह कोणीही धरायचा नाही.

(क) हस्तांतरणबंदीच्या शेऱ्यासाठी जिल्हाधिकारी, सातारा यांच्याकडे विक्री परवानगीचा अर्ज लिहून देणार आजपासून १५ दिवसांत करतील. दोन्ही पक्षांची ८अ प्रमाणे धारण क्षेत्रे, साठेखताची प्रत व विक्रीचे खरे कारण अर्जात द्यावे. हे कारण असे : लिहून देणार नं. २ यांच्या मुलाच्या शिक्षणाचा व नं. १ यांच्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च. चौकशीसाठी ग्राम महसूल अधिकारी, मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार बोलावतील तेव्हा तिघांनीही जायचे, एकाने जाऊन चालणार नाही.

(ख) कलम ४३ बाबत : ३२म प्रमाणपत्राला दहा वर्षांहून कितीतरी अधिक काळ उलटला असल्याने, २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या चाळीस पट नजराणा, म्हणजे ३०० रुपये, लिहून देणार भरतील व शेरा कमी करून घेतील. रक्कम किरकोळ आहे, पण ती भरलेली नसेल तर खरेदीखताच्या फेरफारावर हरकत येऊ शकते. म्हणून चलनाची मूळ प्रत खरेदीखताला जोडायची.

(ग) लिहून घेणार स्वतः शेतकरी आहेत. त्यांच्या जमिनीचे ७/१२ व ८अ सोबत जोडले आहेत. ही जमीन धरूनही त्यांचे धारण क्षेत्र कमाल जमीन धारणेच्या मर्यादेत राहते, असे ते लिहून देतात. यात खोटेपणा निघाल्यास परिणाम त्यांच्यावर.

परवानगीत घातलेली अट (उदा. ठरावीक मुदतीत खरेदी करणे, जमीन शेतीखेरीज न वापरणे) या करारावर वरचढ राहील. परवानगी नाकारल्यास लिहून देणार मुदतीत अपील करतील. अपीलही फेटाळले, किंवा ११ जानेवारी २०२७ पर्यंत परवानगी आली नाही व उभयतांनी लेखी मुदत वाढवली नाही, तर व्यवहार रद्द. मग तिघे आपापली मिळालेली रक्कम, सोसायटीत भरलेली धरून, ६० दिवसांत विनाव्याज परत करतील. त्यापुढे दरसाल १२ टक्के व्याज. रक्कम फिटेपर्यंत तिचा बोजा जमिनीवर राहील.

७. ताबा

आज ताबा दिलेला नाही. जमीन लिहून देणार यांच्याच वहिवाटीत आहे आणि खरेदीखत नोंदले जाईपर्यंत राहील. लिहून घेणार यांनी नांगर घालणे, कुंपण करणे, बोअर घेणे यांपैकी काहीही त्याआधी करू नये. ताबा दिला तर साठेखतावरही खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते, आणि परवानगीआधीचा ताबा शर्तभंग ठरू शकतो.

शेतात उसाचे उभे पीक आहे. या हंगामाची तोड लिहून देणार यांची. त्यानंतर खोडवा ठेवायचा नाही, नवी लागण करायची नाही. हंगामी पीक घ्यायचे तर असे घ्यावे की खरेदीच्या दिवशी रान मोकळे मिळेल. तोपर्यंत माती, मुरूम विकणे, झाडे तोडणे, कोणाला वाट्याने किंवा खंडाने लावणे यास मनाई आहे. खरेदीच्या दिवशी खुणांवर उभे राहून, पंचांसमक्ष ताबा द्यायचा व ताबेपावती करायची.

८. वाट

गट नं. २११ ला उत्तरेचा शिवरस्ता लागतो, पण ओढ्याला पाणी असताना तो बंद होतो. म्हणून लिहून देणार आपल्या गट नं. २१२ च्या पश्चिम बांधाने १२ फूट रुंद, बैलगाडी व ट्रॅक्टर जाईल अशी कायम वाट देतील. विहिरीकडे जाण्याचा हक्कही त्यातच. खरेदीखतात व नकाशात तिचा उल्लेख करायचा. तोंडी वाट पुढच्या पिढीत टिकत नाही.

९. खरेदीखत व कसूर

परवानगी मिळाल्यापासून ४५ दिवसांत खरेदीखत करायचे. मुद्रांक, नोंदणी व वकिलाचा खर्च लिहून घेणार यांचा.

लिहून देणार यांनी टाळाटाळ केल्यास लिहून घेणार यांना करारपूर्तीचा दावा करता येईल. लिहून घेणार यांनी देय हप्ता दिला नाही, तर आधी नोंदणीकृत डाकेने ३० दिवसांची नोटीस द्यायची. तरीही रक्कम न आल्यास १,००,००० रुपये वजा करून बाकी ९० दिवसांत परत करायची. संपूर्ण विसार बुडाला असे कोणी म्हणायचे नाही. वाद फलटण येथील दिवाणी न्यायालयात चालेल.

हे साठेखत दुय्यम निबंधक, फलटण यांच्याकडे आजच नोंदविले जात आहे. मजकूर तिन्ही लिहून देणार यांना मोठ्याने वाचून दाखविला. लिहून देणार नं. ३ यांना तो पुन्हा एकदा त्यांच्या मुलीने वाचून दाखविला. सर्वांनी समजून, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली नसताना सह्या व अंगठे केले.

लिहून देणार : हणमंत ज्ञानू शिंगटे, विलास ज्ञानू शिंगटे, मंगल अशोक भोईटे

लिहून घेणार : महेश पांडुरंग निकम

साक्षीदार : १) तानाजी बाबूराव जगदाळे २) सुनीता राजेंद्र खलाटे