उन्हाळी खडक-मापन प्रकल्पात सहभागी होण्याबाबत

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी सायली, तृतीय वर्ष बी.एस्सी., भूशास्त्र. मे महिन्यात माळशेज घाटातल्या लाव्हा प्रवाहांचा नकाशा करायला आपण विद्यार्थी नेणार आहात, असं कळलं. मलाही यायचं आहे.

डिसेंबरच्या सहलीत मंचरजवळ मोठ्या प्लॅजिओक्लेजचा बेसाल्ट पहिल्यांदा पाहिला. काळ्या दगडात बोटाएवढे पांढुरके स्फटिक, काही ठिकाणी एकाच दिशेला कललेले. त्या दिवसापासून रस्त्याकडेची प्रत्येक दरड मी थांबून बघते. आमच्या गावच्या घाटात दोन प्रवाहांमध्ये वीतभर लाल बोलचा थर आहे. तो रस्त्याने साधारण अर्धा किलोमीटर माग काढून वहीत उतरवला, पुढे झाडीत हरवला. वहीची ती पानं सोबत जोडली आहेत. प्रवाहांच्या सीमा मी बरोबर ओळखल्या आहेत का, हे आपल्याकडूनच कळेल.

१:५०,००० च्या टोपोशीटवर जागा निश्चित करणं आणि ब्रंटनने नती-नतिलंब घेणं मला जमतं. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचा सराव मात्र कमी आहे. पाऊस सुरू झाला की गवत सगळं झाकून टाकतं, म्हणून मे मधलीच ही संधी मला हवी आहे.

परीक्षा ६ मे रोजी संपते, ७ पासून मी मोकळी आहे. घरून परवानगी घेतली आहे. नमुने वाहायचं, चिठ्ठ्या लावायचं, पडेल ते काम करीन. आपण सांगाल त्या वेळी विभागात येऊन भेटते.

आपली विद्यार्थिनी,
सायली